एल-जुळणी: कॉइल कुठे, कपॅसिटर कुठे

पुढच्या पानांत ज्या मंडलाची चर्चा आहे त्यात दोनच घटक असतात, एक कॉइल आणि एक कपॅसिटर. एक ओळीत बसतो, दुसरा त्या ओळीतून जमिनीकडे उतरतो आणि आकृतीत इंग्रजी एल अक्षर दिसते. एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर कोणताही रोध दुसऱ्या कोणत्याही रोधासारखा दाखवायचा असेल, तर कागदावर एवढी सामग्री पुरते. किमती काढण्याचे सूत्र एका ओळीत मावते आणि फोनवरचे कॅल्क्युलेटर ते क्षणात सोडवून देतात. तरीही या विषयावर पुस्तक लिहावे लागते, कारण सूत्र प्रत्येक वेळी एक नव्हे तर दोन उत्तरे देते आणि दोन्हींना सारखेच गुण देते. प्रत्यक्षात ती सारखी नसतात. कोणते घ्यायचे हे ठरवण्यासाठी सूत्राबाहेरच्या गोष्टी पाहाव्या लागतात: लोडच्या आसपास काय आहे, सोर्समधून हव्या त्या फ्रिक्वेन्सीशिवाय आणखी काय निघते, आणि जुळवणाऱ्याच्या हाताशी बदलता येण्याजोगा घटक कोणता आहे. या प्रस्तावनेत मी एकच उदाहरण घेऊन हे दाखवणार आहे.

उदाहरण हौशी रेडिओतले आहे. ७.१ मेगाहर्ट्झवर, म्हणजे हॅम मंडळींच्या ४० मीटरच्या बँडवर, अर्ध्या तरंगलांबीची तार साधारण २० मीटर भरते. इमारतीच्या गच्चीवरून समोरच्या झाडापर्यंत ती ताणता येते. अशा तारेला मध्यावर केबल जोडायची तर केबल हवेत लोंबकळते, म्हणून अनेक जण तारेच्या टोकालाच जोडणी करतात. अडचण अशी की अर्ध्या तरंगाच्या तारेत टोकाला व्होल्टेज कमाल आणि करंट किमान असतो. त्यामुळे तिथे दिसणारा रोध प्रचंड असतो. तारेची उंची, जाडी आणि भोवतालची बांधकामे यांनुसार तो दोन हजार ते चार-पाच हजार ओहम असू शकतो. ट्रान्समीटर मात्र ५० ओहमच्या लोडसाठी बांधलेला असतो. हिशेब सोपा राहावा म्हणून तारेचा रोध २४५० ओहम धरू, म्हणजे ५० च्या बरोबर ४९ पट.

दोन घटकांनी हे अंतर कसे पार होते ते नीट पाहिले तर पुढचे सारे त्यातूनच उलगडते. २४५० ओहमच्या रोधाला समांतर एक कपॅसिटर लावला की करंटला दोन वाटा मिळतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही समांतर जोडी आणि एका लहान रोधाबरोबर ओळीत असलेला कपॅसिटर यांत, त्या एका फ्रिक्वेन्सीवर, काहीही फरक दिसत नाही. समांतर कपॅसिटरचा रिॲक्टन्स जितका कमी, तितका तो बाहेरून दिसणारा रोध लहान. तो रोध ५० ओहम दिसेल इतका कपॅसिटर निवडला की निम्मे काम झाले. उरतो तो ओळीतला कपॅसिटिव्ह भाग. तेवढ्याच रिॲक्टन्सची कॉइल ओळीत घातली की तो पुसला जातो आणि ट्रान्समीटरला निखळ ५० ओहम दिसतात. किती कपॅसिटर आणि किती कॉइल, हे एका संख्येवर ठरते:

Q = √(R₂/R₁ − 1)

इथे R₂ मोठा रोध आणि R₁ लहान. आपल्या उदाहरणात Q = √48, म्हणजे सुमारे ६.९३. समांतर घटकाचा रिॲक्टन्स २४५० भागिले ६.९३, म्हणजे ३५४ ओहम. ओळीतल्या घटकाचा ५० गुणिले ६.९३, म्हणजे ३४६ ओहम. ७.१ मेगाहर्ट्झवर याचा अर्थ ६३ पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि ७.८ मायक्रोहेन्रीची कॉइल. समांतर घटक नेहमी मोठ्या रोधाच्या बाजूला लावायचा, हा नियमही इथेच सिद्ध झाला, कारण समांतर घटक रोध लहान करून दाखवतो, मोठा नाही. एखाद्याने कपॅसिटर चुकून ट्रान्समीटरच्या बाजूला लावला, तर कोणत्याही किमतीला एसडब्ल्यूआर खाली येत नाही. कपॅसिटर शून्यापासून शेवटापर्यंत फिरवूनही मीटरची सुई नीट उतरत नसेल, तर किमतींवर संशय घेण्याआधी एल उलटा तर लागला नाही ना हे पाहावे.

सूत्राकडे पुन्हा पाहिले की एक गोष्ट लक्षात येते: Q निवडण्याची मुभा आपल्याला नाही. दोन रोध ठरले की तो ठरला. अनेकांना ही एल-जुळणीची उणीव वाटते. मला वाटते हाच तिचा प्रामाणिकपणा आहे, कारण हानीचा हिशेब ती आधीच उघड करून ठेवते. कपॅसिटरमधली हानी बहुधा क्षुल्लक असते. शक्ती खाते ती कॉइल, आणि किती खाते हे मंडलाचा Q भागिले कॉइलचा स्वतःचा Q या गुणोत्तरातून कळते. कॉइलचा Q २०० असेल तर ६.९३ भागिले २००, म्हणजे साडेतीन टक्के. १०० वॅटमधले साडेतीन वॅट कॉइलमध्ये उष्णता होऊन जातात. तीच कॉइल बारीक तारेने, दाटीवाटीने, ओलाव्यात भिजणाऱ्या नळीवर गुंडाळली आणि तिचा Q ५० वर आला, तर सुमारे चौदा वॅट जातात. एसडब्ल्यूआर मीटरला यातले काहीच दिसत नाही. तो दोन्ही वेळा जुळणी उत्तम झाल्याचेच सांगतो.

इथे एक रास्त हरकत घेतली जाते. Q कमी करायचा असेल तर एकाऐवजी दोन एल एकापुढे एक का लावू नयेत? ५० वरून आधी ३५० ओहमवर जायचे आणि तिथून २४५० वर. दोन्ही टप्प्यांचे गुणोत्तर ७ येते, प्रत्येकाचा Q २.४५ आणि दोन्हींची मिळून हानी सुमारे अडीच टक्के. हरकत बरोबर आहे आणि सुधारणा खरी आहे. पण ती १०० वॅटला एका वॅटची आहे आणि त्यासाठी दोन जास्तीचे घटक लागतात, जुळवण्याच्या जास्तीच्या दोन जागा तयार होतात. तेवढेच कष्ट चांगली कॉइल गुंडाळण्यात घातले तर फायदा अधिक होतो. दोन टप्प्यांचे खरे काम रुंद बँडसाठी आहे आणि आपल्या उदाहरणात ती गरज नाही. ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात एकाच एलमुळे एसडब्ल्यूआर कडेला १.२ च्या थोडासा वर जातो, इतकेच. तारेचा स्वतःचा इम्पिडन्स त्याच पट्ट्यात याहून अधिक हलतो.

आता मूळ मुद्दा, दोन उत्तरांचा. वरच्या मंडलात कॉइल ओळीत आणि कपॅसिटर समांतर आहे. घटकांची अदलाबदल केली, ३४६ ओहमचा रिॲक्टन्स कपॅसिटरला दिला आणि ३५४ ओहमचा कॉइलला, तरी जुळणी तितकीच पूर्ण होते. मग ओळीत ६५ पिकोफॅरड येतात आणि समांतर ७.९ मायक्रोहेन्री. किमती जवळपास त्याच, व्होल्टेज तेच, हानीही तीच. ७.१ मेगाहर्ट्झवर उभे राहून पाहिले तर दोन मंडलांत डावे-उजवे करता येत नाही. करायचे असेल तर त्या फ्रिक्वेन्सीवरून हलावे लागते.

ट्रान्समीटर ७.१ मेगाहर्ट्झबरोबर १४.२ मेगाहर्ट्झवर थोडी हार्मोनिक शक्तीही सोडतो. ओळीतली कॉइल तिथे दुप्पट अडवते आणि समांतर कपॅसिटर दुप्पट सहज जमिनीकडे वळवतो. लोड १४.२ वरही २४५० ओहमच आहे असे धरून हिशेब केला, तर उपलब्ध हार्मोनिक शक्तीचा सुमारे शंभरावा भाग तारेपर्यंत पोचतो. उलट मांडणीत ओळीतला कपॅसिटर हार्मोनिकला वाट मोकळी करून देतो आणि सुमारे आठवा भाग पोचतो. बारा पटींच्या आसपासचा हा फरक आहे. त्याला एक धार आणखी आहे. लोड तिथेही २४५० ओहम धरणे हे हिशेबापुरते गृहीतक वाटेल, पण अर्ध्या तरंगाची तार दुप्पट फ्रिक्वेन्सीवर पूर्ण तरंगाची होते आणि तिच्या टोकाचा रोध पुन्हा मोठाच राहतो. म्हणजे ही तार दुसऱ्या हार्मोनिकलाही मन लावून आकाशात पाठवणारी आहे. मधे तार कापलेली असती किंवा लोड दुसऱ्या प्रकारचा असता तर हा मुद्दा इतका जड ठरला नसता. इथे तो निर्णायक आहे.

यावर कोणी म्हणेल की आधुनिक ट्रान्समीटरमध्ये स्वतःचे फिल्टर असतेच, मग जुळणीकडून हे काम का अपेक्षावे? खरे आहे. ज्या संचाचे फिल्टर नियमांत बसते, त्याच्यामागे कोणतीही मांडणी चालेल. पण घरी बांधलेल्या पाच-दहा वॅटच्या संचांत फिल्टर बेताचेच असते आणि तिथे एलमधून मिळणारे वीसेक डेसिबल फुकटात मिळतात. उलट मांडणीच्या बाजूनेही एक चांगला युक्तिवाद आहे. तिच्यात समांतर कॉइल तारेला थेट जमिनीशी जोडते, त्यामुळे पावसाळ्यात किंवा कोरड्या वाऱ्यात तारेवर साचणारा स्थिर विद्युतभार सतत निचरत राहतो. कॉइल ओळीत असलेल्या मांडणीत, ट्रान्समीटरच्या आत जमिनीकडे वाट नसेल, तर तो भार साचू शकतो. तेवढ्यासाठी हार्मोनिकची बाजू सोडायचे कारण मला दिसत नाही. तारेपासून जमिनीपर्यंत मोठ्या किमतीचा, पुरेसे व्होल्टेज सोसणारा रेझिस्टर लावला की भार निचरतो आणि जुळणीला धक्का लागत नाही.

दुसरा पुरावा तारेच्या टोकाशीच असतो. २४५० ओहमच्या बिंदूवर दहा पिकोफॅरडही महत्त्वाचे ठरतात. पेटीच्या भिंती, जोडणीचा खिळा, तारेचा भिंतीलगतचा भाग यांची मिळून तेवढी अनाहूत कपॅसिटी सहज होते. कपॅसिटर समांतर असलेल्या मांडणीत हे दहा पिकोफॅरड त्याच्यातच सामावतात. ६३ ऐवजी ५३ लावा, प्रश्न संपला. तार थोडी लांब किंवा आखूड असेल आणि टोकाला रोधाबरोबर काही रिॲक्टन्सही दिसत असेल, तर तोही याच मार्गाने, कपॅसिटर कमी-जास्त करून मिटतो. समांतर कॉइल असेल तर त्याच दहा पिकोफॅरडला उत्तर म्हणून कॉइल ७.९ वरून साधारण ६.९ मायक्रोहेन्रीवर आणावी लागते, तिच्यातला करंट वाढतो आणि हानी साडेतीन टक्क्यांवरून चारवर जाते. फार नाही, पण हा दोष दुरुस्त करायला कॉइल उकलावी लागते, आणि कपॅसिटरची दांडी फिरवण्याच्या मानाने ते कटकटीचे आहे.

याच जागी एका चुकीचा उल्लेख करायला हवा, कारण ती किमतींतली चूक भासते आणि तशी नसते. टोकाला जोडलेल्या तारेलाही परतीचा मार्ग लागतो. टोकाचा करंट लहान असल्याने तो मार्गही लहान चालतो, दोन-तीन मीटरची तार पुरते. ती लावलीच नाही तर केबलचे बाहेरचे आवरण आपोआप ती भूमिका घेते आणि हिशेबात कुठेही नसलेला एक अवयव लोडमध्ये शिरतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: केबल हातात धरली, हलवली किंवा संचाला स्पर्श केला की एसडब्ल्यूआर बदलतो. अशा वेळी कॉइल-कपॅसिटर कितीही फिरवले तरी आजची जुळणी उद्या राहत नाही.

काही जाणकार याहून मुळावर घाव घालतात. ते म्हणतात, ट्रान्समीटरचा अंतर्गत रोध ५० ओहम नसतोच, मग 'सोर्सशी जुळणी' ही भाषाच चुकीची आहे. शेवटच्या टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरचा आउटपुट इम्पिडन्स मोजला तर तो ५० येईल असे नाही, हे मान्य. पण त्यामुळे हिशेब बदलत नाही. ट्रान्समीटर अमुक लोडवर अमुक शक्ती, अमुक उष्णता आणि अमुक विकृती देईल अशा बेताने बांधलेला असतो, आणि तो लोड ५० ओहम आहे. आपण त्याला तो लोड दाखवतो. जास्तीत जास्त शक्तीच्या प्रमेयाचा आधार इथे लागतच नाही. हार्मोनिकच्या हिशेबात मात्र या हरकतीला वजन आहे. तिथे मी सोर्स ५० ओहम धरला होता, तसा तो नसेल तर शंभरावा आणि आठवा हे आकडे हलतील. दोन मांडण्यांतला कल मात्र उलटणार नाही.

आणखी एक पर्याय बाजारात तयार मिळतो: फेराइटच्या कड्यावरचा ४९:१ ट्रान्सफॉर्मर. एकाच तारेवर ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ चालवायचे असतील तर तोच घ्यावा, एल तिथे निरुपयोगी आहे. पण फेराइट शक्ती खातो, दीर्घ प्रसारणात तापतो, आणि हार्मोनिकला तर तो ७.१ इतक्याच मोकळेपणाने जाऊ देतो. तीन घटकांचे टी-जाळे असलेले ट्यूनर वेगळ्या कारणासाठी जपून वापरावे लागतात. त्यात तिसरा घटक असल्याने एसडब्ल्यूआर एकवर आणणाऱ्या अनेक जागा सापडतात आणि त्यांतल्या काही जागी हानी बरीच मोठी असते. मीटर त्या सगळ्यांना सारखेच चांगले म्हणतो. एलमध्ये मांडणी एकदा ठरली की जुळणीची जागा एकच, म्हणून हा फसवा दिलासा मिळत नाही.

मांडणी पक्की झाली की घटक हातात घ्यायचे. लोडचा रोध आपण धरला तसा नेमका असणार नाही, म्हणून आधी थोडी मोकळीक ठेवावी. रोध २००० असेल तर ७ मायक्रोहेन्री आणि ७० पिकोफॅरड लागतात, ३५०० असेल तर ९.३ आणि ५३. रोध पाऊणपट वाढूनही घटक एवढेच हलतात, कारण Q वर्गमुळाने वाढतो. म्हणजे १० मायक्रोहेन्रीची टॅप काढता येणारी कॉइल आणि १०० पिकोफॅरडपर्यंतचा फिरता कपॅसिटर पुरेसा आहे. ५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर जाड तारेचे २० वेढे साडेसात सेंटिमीटरात सैलसर पसरले की सुमारे १० मायक्रोहेन्री होतात. जागा कमी असेल तर टी-२००-२ या लाल लोहचूर्णाच्या कड्यावर २५-२६ वेढ्यांत ७.८ मायक्रोहेन्री मिळतात. कडे विकत घेताना मात्र ते लोहचूर्णाचेच असल्याची खात्री करावी, दिसायला फेराइटचे कडेही तसेच असते.

कपॅसिटर निवडताना पिकोफॅरडपेक्षा व्होल्टेज आधी पाहावे. १०० वॅटला तारेच्या टोकाशी सुमारे ५०० व्होल्ट, म्हणजे शिखराला ७०० व्होल्ट येतात, आणि जुळणी बिघडलेली असताना त्याहून जास्त. जुन्या रेडिओतला गँग पाच वॅटला निर्धास्त वापरता येतो, कारण तिथे शिखर १५७ व्होल्टच असते. १०० वॅटला त्याच्या पत्र्यांत ठिणगी पडण्याची भीती आहे. बोलताना आवाजाच्या चढावर एसडब्ल्यूआर एकाएकी उसळी घेत असेल तर हाच संशय घ्यावा. एकदा किंमत कळली की फिरता कपॅसिटर काढून तिथे आरजी-५८ केबलचा तुकडा लावता येतो. तिची कपॅसिटी मीटरला १०० पिकोफॅरडच्या जवळपास असते, म्हणून साठ-पासष्ट सेंटिमीटर पुरतात, आणि टोक कापत कापत किंमत नेमकी करता येते. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर इथे टाळावेत. व्होल्टेज आणि तापमानाबरोबर ज्यांची किंमत ढळते ते तर नकोच. सुमारे दीड अँपिअरचा करंट त्यांच्यातून जाणार आहे. सिल्व्हर मायका किंवा एनपीओ प्रकारचे दोन-तीन एकत्र जोडून तो करंट वाटून द्यावा.

आणि शेवटी जुळवणे. माझ्या मते कॉइल ओळीत ठेवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा हार्मोनिकमध्ये नाही, तो इथे आहे. या मांडणीत ट्रान्समीटरला दिसणारा रोध फक्त समांतर कपॅसिटर ठरवतो. ओळीतली कॉइल रोधाला जवळजवळ हातही लावत नाही, ती केवळ रिॲक्टन्स सरकवते. म्हणून अँटेना ॲनालायझरवर आधी फक्त रोध पाहायचा. तो ५० हून कमी दिसला तर कपॅसिटर जास्त झाला आहे, कमी करा. जास्त दिसला तर वाढवा. रोध ५० वर आला की कपॅसिटरला हात लावायचा नाही. मग रिॲक्टन्स धन असेल तर कॉइल मोठी आहे, टॅप अर्ध्या वेढ्याने मागे घ्या. ऋण असेल तर पुढे. दोन प्रश्न, दोन हात, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला बिघडवत नाही. उलट मांडणीत रोध ठरवायची जबाबदारी समांतर कॉइलवर येते, म्हणजे सर्वांत नाजूक काम ज्या घटकात सलग बदल करता येत नाही त्याच्याकडे जाते, आणि अर्ध्या वेढ्याच्या उडीने रोध हव्या त्या जागेच्या अलीकडे किंवा पलीकडे जाऊन बसतो. फक्त एसडब्ल्यूआर मीटर असेल आणि ॲनालायझर नसेल, तर रोध आणि रिॲक्टन्स वेगळे दिसत नाहीत. अशा वेळी कमी शक्तीवर प्रत्येक टॅपला कपॅसिटर फिरवून सर्वांत खालचा आकडा नोंदवत जावे. सगळ्यांत खालचा आकडा ज्या टॅपला मिळेल तो टॅप पक्का करावा, आणि मगच पूर्ण शक्ती द्यावी. पाच मिनिटांच्या प्रसारणानंतर, ट्रान्समीटर बंद करून, कॉइलला बोट लावून पाहावे. कोमट असेल तर हिशेबाप्रमाणे आहे. बोट ठेववत नसेल तर कॉइलचा Q २०० नाही आणि ती पुन्हा, जाड तारेने, गुंडाळायला हवी.